चार तासांत प्रतिसाद म्हणजे चार तासांत दुरुस्ती नव्हे

ईआरपीचा, म्हणजे कंपनीचा सगळा कारभार चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा सपोर्ट करार वाचताना बहुतेकांचं बोट सर्वात गंभीर बिघाडासाठीच्या ‘पी-वन : ४ तास’ या ओळीवर थांबतं आणि सही होते. हे चार तास प्रतिसादाचे की निवारणाचे, हे कुणी विचारतच नाही. प्रतिसाद म्हणजे तुमचं तक्रारीचं तिकीट माणसाने उघडलं. निवारण म्हणजे काम पुन्हा सुरू झालं.

पी-वन, पी-टू या बिघाडाच्या गांभीर्याच्या पातळ्या, म्हणजे सिव्हिरिटी, समजायला अवघड नाहीत. व्याख्येत ‘गंभीर परिणाम’ असे मोघम शब्द नकोत. ‘डिस्पॅचचं इन्व्हॉइस निघत नाही’ असं नेमकं काम लिहा आणि सिव्हिरिटी खाली आणायला तुमची संमती लागेल, असंही घाला.

खरी मेख घड्याळात आहे. समजा, निवारणाची मुदत चार तास आणि सपोर्टची वेळ सोमवार ते शुक्रवार, ९ ते ६ आहे. शुक्रवारी साडेपाचला इन्व्हॉइस अडकलं, तुम्ही पी-वन टाकलं. पावणेसहाला उत्तर आलं : ‘लॉग पाठवा.’ प्रतिसादाची अट पूर्ण झाली. तिकीट ‘ग्राहकाकडे प्रलंबित’ झालं आणि निवारणाचं घड्याळ पंधरा मिनिटांवर थांबलं. साडेसहाला तुम्ही लॉग पाठवलेत, पण तोवर कामाची वेळ संपली होती. सोमवारी नऊला घड्याळ पुन्हा चालू झालं आणि सव्वाबाराला दुरुस्तीचा पॅच आला. हिशोब साडेतीन तासांचा, म्हणजे एसएलए, अर्थात सेवेच्या मुदतीचा करार, पाळला गेला. तुमच्या गाड्या मात्र जवळपास सदुसष्ट तास गेटवर उभ्या होत्या.

म्हणून पी-वनसाठी घड्याळ चोवीस तास चालायला हवं. ते थांबवायचं तर कुठली माहिती हवी ते तिकिटात लिहिलेलं असावं आणि ती मिळताच घड्याळ पुन्हा सुरू व्हावं. यावर मी तडजोड करू देत नाही.

‘निवारण’ या शब्दाचीही व्याख्या हवी. सॅप या ईआरपी कंपनीच्या एंटरप्राइज सपोर्टमध्ये सर्वोच्च प्राधान्याला एका तासात पहिला प्रतिसाद आणि चार तासांत ‘सुधारात्मक कृती’ असते. पण त्या कृतीत तात्पुरता मार्ग किंवा पुढच्या कामाचा आराखडाही बसतो. तात्पुरता मार्ग मला चालतो, मात्र कायमच्या दुरुस्तीची वेगळी तारीख लिहून घ्या. नुसता आराखडा मी निवारण मानत नाही.

दंडाचं कलम शेवटी पाहिलं जातं आणि तिथेच पाणी मुरतं. दंड फक्त प्रतिसाद चुकल्यावर लागू असेल तर तो कधीच मिळणार नाही, कारण पंधरा मिनिटांत ईमेल कुणीही पाठवतं. वर्षाला बारा लाखांच्या करारात दंड म्हणून मासिक शुल्काच्या पाच टक्के क्रेडिट म्हणजे पाच हजार रुपये. शिवाय भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. न्यायालय त्या मर्यादेत वाजवी भरपाई देतं. त्यामुळे दंडाची टक्केवारी वाढवण्यात शक्ती घालवण्यापेक्षा, एका तिमाहीत दोन पी-वनची निवारण-मुदत चुकली तर करार मोडण्याचा हक्क मागा.