‘हा माझा बायको पार्वती’: बेळगावातल्या एका मीममागची गोष्ट

मध्यंतरी आमच्या मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका खानावळीच्या नव्या पाटीचा फोटो आला. वर ठसठशीत कन्नड अक्षरं, खाली बारीक मराठी. फोटोखाली एकच ओळ: ‘हा माझा बायको पार्वती.’ हसणाऱ्या इमोजींची रांग लागली. पाटीत ना बायको होती, ना पार्वती.

ओळ आहे 1988 च्या ‘अशी ही बनवाबनवी’ची. दिग्दर्शन सचिनचं, संवाद वसंत सबनिसांचे. कथेचा मूळ धागा हृषीकेश मुखर्जींच्या 1966 च्या ‘बीवी और मकान’मधला. पुण्यात चार मित्रांना खोली हवी असते आणि घरमालकीण लीलाबाई काळभोर जोडप्यांशिवाय कुणाला जागा द्यायला तयार नसते. मग दोघं नवरे होतात, दोघं लुगडी नेसतात. धनंजय माने, म्हणजे अशोक सराफ, परश्याची ओळख बायको म्हणून करून देतो. परश्या म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे.

विनोद व्याकरणातला आहे. ‘बायको’ स्त्रीलिंगी, म्हणून ‘ही माझी’ हवं. पण धनंजयला समोर परश्या दिसतोय आणि जीभ ‘हा माझा’ म्हणून मोकळी होते. तोंडातला शब्द खोटा, त्याला लागलेलं लिंग खरं. म्हणूनच ही ओळ मीमला चिकटली. सोंग उघड दिसत असताना कुणी ते खरं म्हणून पुढे करतं, तेव्हा एवढे चार शब्द पुरतात.

आता पुन्हा पाटीकडे या. खानावळीचं नाव अस्सल मराठी, फक्त कन्नड लिपीत मोठं लिहिलेलं. 2024 च्या कायदेदुरुस्तीनुसार कर्नाटकात पाटीवरची 60 टक्के जागा कन्नडला द्यायची आहे. म्हणजे पाटी हा परश्या, लिपी हे लुगडं आणि घरमालकिणीच्या जागी सरकार. मीम करणाऱ्याने यातलं काहीच लिहिलं नव्हतं. सिनेमा पाहिलेल्यांना ‘पार्वती’ म्हणताच मागची अटही आठवते, आणि ती आठवली की लुगडं हौसेनं नेसलेलं नाही हेही कळतं. ओळीतली तक्रार अशी आत दडलेली आहे. मोर्च्यातल्या घोषणेत ती आली असती तर कुणी हसलं नसतं.

इथवरचं पुण्याचा माणूसही ओळखेल. बेळगावात याला आणखी एक पदर आहे. कन्नडमध्ये ‘माझा’ बदलत नाही: नन्न मग, नन्न मगळु, नन्न मने. मुलगा असो, मुलगी असो, घर असो, ‘नन्न’ तसंच राहतं. घरात कन्नड बोलणारा माणूस बाजारात मराठी बोलतो तेव्हा ‘माझा गाडी’, ‘माझा आई’ सहज निघून जातं. त्यामुळे इथे ‘हा माझा बायको’ म्हटलं की धनंजय मान्यांबरोबर असा एखादा शेजारीही कानात बोलतो. मीम कुणाला टोचतं ते इथेच. पाटीखाली ती ओळ सरकारी अटीला चिमटा काढते. तीच ओळ एखाद्या कन्नडिगाच्या मराठी मेसेजखाली टाकली की निव्वळ त्याच्या बोलण्याची टवाळी होते, आणि ती मला तरी बरी वाटत नाही.

टवाळी करायला आपण तरी कुठले शुद्ध? माझी आजी आयुष्यभर ‘मी जातो’, ‘मी आलो गं’ म्हणत आली. पुण्याची सून आली तेव्हा ती पहिले चार दिवस चमकून बघायची. बेळगाव-कोल्हापूरकडच्या बायकांचं हे नेहमीचं बोलणं. मात्र त्याच आजीने ‘हा माझा सून’ कधी म्हटलं नसतं. ‘मी’ला मोकळीक, ‘माझी’ला नाही, अशी आमची रेघ. कन्नडमध्ये ती भलतीकडेच आहे: ‘नन्न’ बदलत नाही, पण ‘हा’ आणि ‘ही’ला इवनु आणि इवळु असे वेगळे शब्द आहेत. म्हणजे ‘इवनु नन्न हेंडति पार्वती’ असं केलं तर चूक एकाच शब्दात उरते. मराठीत ती ‘हा’मध्येही वाजते आणि ‘माझा’मध्येही. विनोद कन्नडमध्ये जातो, पण अर्ध्या आवाजात.

त्या दिवशी ग्रुपवरचा आमचा कन्नड मित्र मात्र हसला नाही. शाळेत मराठी शिकलेला, लिहायला आमच्यापेक्षा नेटका. सिनेमा त्याने पाहिलेला नव्हता. दहा मिनिटांनी त्याचा मेसेज आला: ‘ही माझी पाहिजे न्हवं? चुकलंय की बे तुमचं.’