आधी वजाबाकी की आधी दुरुस्ती? सर्व्हे मीटरच्या तपासणीची पार्श्वभूमी

किरणोत्सारी पदार्थाचा सीलबंद स्रोत किरणोत्सर्ग मोजणाऱ्या सर्व्हे मीटरसमोर धरायचा, काटा ठरलेल्या आकड्याजवळ येतो का ते पाहायचं आणि मग कामाला लागायचं, ही रोजची तपासणी आज इतकी अंगवळणी पडली आहे की तिचे नियम कुठून आले हे सहसा कुणी विचारत नाही. गायगर काउंटरचा पहिला नमुना 1908 सालचा. आजच्या सर्व्हे मीटरमधली नळी ज्या रचनेवर उभी आहे ती 1928 सालची. आज ज्यावर वाद होतो त्या गोष्टी मात्र पुढच्या काळात, तपासणीचा स्रोत, म्हणजे चेक सोर्स, म्हणून रेडियम मागे पडून सीझियम आलं तेव्हापासून, जास्त ठळक झाल्या.

रेडियमचं अर्धायुष्य सुमारे 1600 वर्षं आहे. म्हणजे त्याची तीव्रता वर्षाला जेमतेम 0.04 टक्के घटते. स्रोतावर एकदा आकडा चिकटवला की मीटर भंगारात जाईपर्यंत तो पुरायचा. रेडियमची अडचण वेगळी होती. त्याच्या आत रेडॉन आणि हेलियम वायू साठत जातात, दाब वाढतो आणि सील फुटण्याची धास्ती राहते. म्हणून सीझियम-137 आलं. त्याचं अर्धायुष्य 30 वर्षांचं, म्हणजे घट वर्षाला 2.3 टक्के. स्रोत बदलला, पण चिकटवलेल्या आकड्यावर विसंबायची सवय तीच राहिली. तपासणीत संदर्भ आकड्याच्या वर-खाली 20 टक्के फरक चालतो, असा दंडक बऱ्याच ठिकाणी आहे. आकडा क्षयानुसार बदलला नाही, तर पावणेदहा वर्षांत ही सगळी सूट एकटा स्रोतच खाऊन टाकतो. मीटर धडधाकट असूनही नापास होतं. दुसरीकडे, हळूहळू जास्त दाखवू लागलेलं मीटर जुन्या आकड्याशी बेमालूम जुळतं आणि पास होतं. मला हा दुसरा प्रकार जास्त घातक वाटतो, कारण त्यात कुणाला शंकाच येत नाही.

बॅकग्राउंडचा, म्हणजे स्रोत नसतानाही मीटर टिपतं त्या आसपासच्या किरणोत्सर्गाचा प्रश्न सुरुवातीला कुणी फारसा मनावर घेतला नव्हता. काट्याचं मीटर सारखं डोलत असतं, त्यात मिनिटाला 50 काउंटची भर डोळ्याला कळतही नाही. पल्स, म्हणजे नळीत टिपलेल्या प्रत्येक कणामागे उठणारा विजेचा ठोका, मोजून आकडा देणारी यंत्रं हाताशी आल्यावर वजाबाकी अपरिहार्य झाली. स्रोत लांब ठेवून एकदा मोजायचं, स्रोत जागेवर ठेवून पुन्हा मोजायचं आणि फरक काढायचा. इथवर सगळे एकमताचे आहेत.

मतभेद सुरू झाले ते डेड टाइममुळे. गायगर नळीत एक पल्स झाली की तारेभोवती धन आयनांचं आवरण तयार होतं आणि विद्युतक्षेत्र दुबळं पडतं. ते आवरण सरकेपर्यंत आलेला पुढचा कण मोजला जात नाही. हा काळ 100 मायक्रोसेकंदांच्या आसपास असतो, कधी त्याच्या दुप्पट-तिप्पटही. दुरुस्तीचं नेहमीचं सूत्र असं:

```
n = m / (1 − m·τ)
```

m म्हणजे मोजलेला दर, n खरा दर आणि τ डेड टाइम. मग बॅकग्राउंड आधी वजा करून उरलेल्या आकड्याला सूत्र लावायचं, की दोन्ही आकडे आधी दुरुस्त करून मग वजाबाकी करायची? बऱ्याच छापील फॉर्मवर पहिलीच रीत वर्षानुवर्षं टिकून राहिली, कारण तिच्यात सूत्र एकदाच लावावं लागतं. शिवाय शांत खोलीत तिने काही बिघडतही नाही. τ 100 मायक्रोसेकंद, एकूण दर सेकंदाला 3000 आणि बॅकग्राउंड 1 धरला, तर दोन्ही रीतींनी उत्तर 4284 च्या आसपासच येतं. वाद मिटला नाही तो यामुळेच. पहिल्या रीतीवाल्यांना आपली चूक कधी दिसतच नव्हती.

आता हीच तपासणी स्रोत साठवलेल्या खोलीशेजारी करा. समजा तिथला बॅकग्राउंड सेकंदाला 800 आणि एकूण दर पुन्हा 3000. आधी वजाबाकी केली तर 2200 उरतात आणि दुरुस्तीनंतर ते 2820 होतात. आधी दुरुस्ती केली तर 3000 चे 4286 आणि 800 चे 870 होतात, फरक 3416. पहिलं उत्तर दुसऱ्यापेक्षा 17 टक्क्यांनी कमी आहे आणि तरीही 20 टक्क्यांच्या सुटीत बसतं. बरोबर रीत दुसरी, यात मला तडजोडीला जागा दिसत नाही. नळीला कुठला कण स्रोताचा आणि कुठला भिंतीपलीकडचा हे ठाऊक नसतं. ती थकते ती एकूण दराने, त्यामुळे दुरुस्तीही एकूण दरालाच लागू होते.

त्याहून मोठा प्रश्न असा की वरचं सूत्र स्वतः किती खरं आहे. डेड टाइमच्या काळात आलेला कण नुसता वाया जातो, असं ते सूत्र धरून चालतं. पण काही नळ्यांमध्ये आणि सर्किटांमध्ये असा कण तो काळ आणखी लांबवतो. तेव्हा मोजलेला दर एका मर्यादेनंतर वाढायचा थांबतो आणि उलट घसरू लागतो. प्रत्यक्षातली नळी या दोन टोकांच्या मधे कुठेतरी असते.

प्रयोगशाळेतल्या तगड्या स्रोतासमोर मीटर 4 मीटरवर धरलं आणि तिथे खरा दर सेकंदाला 1000 आहे असं समजू. पहिल्या प्रकारचं मीटर 909 दाखवेल आणि दुसऱ्या प्रकारचं 905. अंतर निम्मं केलं की खरा दर चौपट होतो. 2 मीटरवर 2857 आणि 2681, म्हणजे अजूनही फारसा फरक नाही. 1 मीटरवर खरा दर 16,000 आहे. तिथे पहिलं मीटर 6154 दाखवतं आणि दुसरं 3230. अर्ध्या मीटरवर खरा दर 64,000 होतो, आणि दुसरं मीटर 106 वर येतं. काटा खाली आला म्हणजे धोका कमी झाला, असं वाचणारा माणूस तेव्हा सर्वांत वाईट जागी उभा असतो.

मीटरच्या बाजूला लावलेला चेक सोर्स इतका अशक्त असतो की वरची दोन्ही मीटरं त्याच्यासमोर सारखीच वागतात. रोजची तपासणी नळी, केबल, बॅटरी आणि हाय व्होल्टेज ठीक आहेत एवढंच सांगते. पूर्ण दाबाखाली मीटर काय करेल हे तिला कळूच शकत नाही. अतितीव्र क्षेत्रात काटा टोकालाच अडून राहील अशी सर्किटं नंतर आली. पुढे पल्स मोजण्याऐवजी, व्होल्टेज दिल्यापासून पहिली पल्स यायला किती वेळ लागतो तो मोजण्याची पद्धतही आली. तिच्यात प्रत्येक पल्सनंतर नळीला सावरायला मुद्दाम वेळ दिला जातो, त्यामुळे डेड टाइमचा जाच जवळपास उरत नाही.

डिजिटल मीटरांनी या जुन्या वादाला वेगळंच वळण दिलं. पडद्यावरचा आकडा आता बहुधा आतूनच दुरुस्त होऊन येतो. त्यावर फॉर्ममधलं सूत्र पुन्हा लावलं की दुरुस्ती दोनदा होते: खरा दर 4286 असेल तर मीटर 4286 च दाखवतं आणि फॉर्म त्याचे 7500 करतो. हे ओळखायचं तर दोन सारखे स्रोत घ्यावेत, आधी एकेक आणि मग दोन्ही एकत्र मोजावेत, बॅकग्राउंड लक्षात घेऊन. एकेकाचे 2000 आले आणि एकत्रितचे 3333, तर तो कच्चा आकडा आहे आणि दुरुस्ती बाकी आहे. एकत्रितचे दुप्पट आले, तर दुरुस्ती आतच झाली आहे. मोजताना पहिला स्रोत जागचा हलता कामा नये, नाहीतर डेड टाइमऐवजी अंतरातला फरकच मोजला जातो.