कॉलचं बटण आणि व्हॉट्सॲपचं बटण: एकच नंबर, दोन वेगळी कामं

वेबसाइटवर फॉर्म भरायला लोक कंटाळतात, म्हणून प्लंबर, इलेक्ट्रिशियन, फिजिओथेरपिस्ट अशा मंडळींच्या साइटवर ही दोन बटणं शेजारी शेजारी लावली जातात. नंबर तोच असतो, त्यामुळे दोन्ही सारखीच वाटतात. पण लिंक लिहितानाच फरक सुरू होतो:

```
tel:+91XXXXXXXXXX
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=...
```

कॉलच्या लिंकमध्ये देशाच्या कोडआधी + द्यावा. व्हॉट्सॲपच्या लिंकमध्ये + नको, सुरुवातीचं शून्य नको, मधे रेघा किंवा मोकळी जागाही नको. एकाची लिंक दुसऱ्यात चिकटवली की गडबड झालीच, आणि ती बहुतेक वेळा ग्राहकालाच आधी कळते.

खरा फरक मात्र बटण दाबल्यानंतर दिसतो. समजा, प्लंबरच्या साइटवर कोणी रात्री अकरा वाजता कॉलचं बटण दाबलं. फोन उचलला गेला नाही, तरी मिस्ड कॉल राहतो. सकाळी परत फोन करता येतो. व्हॉट्सॲपच्या बटणाने फक्त चॅट उघडतं. आपण आधीच भरून ठेवलेला मजकूर तिथे दिसतो, पण तो पाठवायचा की नाही हे ग्राहकाच्या हातात. त्याने ‘पाठवा’ दाबलं नाही, तर आपल्याकडे त्याचा नंबरही येत नाही. म्हणून चाळीस क्लिक झाले म्हणजे चाळीस चौकश्या आल्या, असं समजू नका. कॉलच्या क्लिकचंही तसंच आहे, कारण डायलर उघडूनही माणूस मागे फिरू शकतो. क्लिकचा आकडा फोनमधल्या कॉलच्या यादीशी आणि आलेल्या मेसेजशी ताडून पाहा.

त्या आधी भरलेल्या मजकुरावर थोडी मेहनत घ्या. नुसत्या ‘नमस्कार’ने काही कळत नाही. गळतीच्या पानावर ‘नळ गळतोय, फोटो पाठवतोय’ आणि गिझरच्या पानावर वेगळा मजकूर ठेवला, तर ग्राहक कुठून आला ते पहिल्या ओळीतच समजतं. लिंकमध्ये टाकण्याआधी हा मजकूर एन्कोड करून घ्या, म्हणजे त्यातली मोकळी जागा आणि चिन्हं लिंकला चालतील अशा % च्या कोडमध्ये बदलून घ्या. तसं न करता मधे & किंवा # राहिलं, तर संदेश तिथेच तुटतो.

दोन्हींतलं एकच ठेवायचं असेल तर? पाइप फुटलाय, घरात पाणी भरतंय, अशा वेळी माणसाला समोरून आवाज हवा असतो. तिथे कॉलचंच बटण मोठं ठेवावं. बेसिन बदलायचं असेल, तर फोटो पाहिल्याशिवाय अंदाज देता येत नाही, तिथे व्हॉट्सॲप. रात्री कोणी उत्तर देणार नसेल, तर व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये कामाच्या वेळेबाहेर आपोआप जाणारा संदेश लावता येतो. साध्या कॉलला ही सोय नाही. म्हणून कॉलच्या बटणाखाली वेळ स्पष्ट लिहा.

लॅपटॉपवर कॉलचं बटण दाबल्यावर अनेकदा काहीच होत नाही, किंवा कोणतं ॲप उघडायचं असा प्रश्न येतो. त्यामुळे बटणाशेजारी नंबर आकड्यांत छापा, म्हणजे बघून फोनवर लावता येईल.