मासिक खातेउतारा: शेवटच्या आकड्यामागे काय दडते

ग्राहकाला महिन्याअखेर पाठवल्या जाणाऱ्या उताऱ्याचे आजचे रूप (तारीख, तपशील, नावे, जमा आणि प्रत्येक ओळीपुढे चालू शिल्लक) फार जुने नाही. हाताने लिहिल्या जाणाऱ्या खतावणीत नावे एका बाजूला आणि जमा दुसऱ्या बाजूला असे. बाकी काढली जाई ती खाते बंद करताना. ग्राहकाला जायची ती खतावणीवरून उतरवलेली यादी, आणि आधीच कळवलेली रक्कम पुढच्या कागदावर फक्त 'मागील बाकी' म्हणून एका ओळीत येई. कोणत्या बिलाची बाकी, हे त्या ओळीत नसे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पोस्टिंगची यंत्रे आली आणि चालू शिल्लकेचा रकाना रूढ झाला. खात्याचे कार्ड आणि ग्राहकाचा उतारा मध्ये कार्बन घालून एकदम यंत्रात चढवत. कारकून आधी जुनी बाकी दाबायचा, मग बिल किंवा भरणा, आणि यंत्र नवी बाकी छापायचे. महिनाभर हेच केल्यावर उतारा आपोआप तयार असे, नंतर नक्कल करत बसावे लागत नसे. धोका जुनी बाकी उचलण्यात होता. ती चुकीची दाबली गेली की पुढची प्रत्येक ओळ चुकायची आणि तरीही आतली बेरीज-वजाबाकी जुळलेलीच दिसायची. म्हणून ती दोनदा दाबून ताळा घेण्याची पद्धत पडली.

यंत्राच्या सोयीने आलेला हा रकाना पुढे हिशेबाचे सत्य समजला जाऊ लागला आणि खरा वाद तिथून सुरू होतो. पैसे आले, पण कोणत्या बिलापोटी?

याचे उत्तर इंग्लंडमधल्या 1816 च्या एका निकालाने दिले होते. चालू खात्यात भरणा आला आणि देणाऱ्याने किंवा घेणाऱ्याने तो कशापोटी हे ठरवले नसेल, तर तो सर्वांत जुन्या रकमेपोटी धरायचा. व्यवहारात निकालाचा हा शेवटचा भागच लोकांच्या लक्षात राहिला. देणाऱ्याने बिल क्रमांक कळवला असेल तर त्याचे म्हणणे आधी, हा पहिला भाग मात्र अनेक संगणक प्रणालींच्या मांडणीत गळून पडला.

फरक किती पडतो ते पाहा. महिन्याच्या सुरुवातीची बाकी 40,000. त्यात बिल 101 चे 25,000 (काही माल खराब निघाला म्हणून ग्राहकाने अडवलेले) आणि बिल 102 चे 15,000. पाच तारखेला बिल 103, रक्कम 30,000. बारा तारखेला ग्राहकाने 102 आणि 103 चा उल्लेख करून 45,000 भरले. वीस तारखेला खराब मालापोटी 5,000 ची क्रेडिट नोट 101 वर निघाली. चालू शिल्लक 40,000, 70,000, 25,000 आणि शेवटी 20,000.

बिलवार जुळवणी केली तर हे 20,000 म्हणजे 101 ची उरलेली, मुदत उलटलेली रक्कम. सर्वांत जुने आधी या नियमाने जुळवणी केली तर 101 आणि 102 फिटतात आणि 20,000 उरतात ते 103 चे, म्हणजे जेमतेम महिन्याभरातले. येणे तेवढेच, पण दुसऱ्या उताऱ्यात तंटाच नाहीसा झाला! थकबाकीचा मुदतवार तक्ता निर्मळ दिसतो, वसुलीचा माणूस 103 साठी फोन करतो आणि ग्राहक म्हणतो, "ते तर आम्ही दिले." क्रेडिट नोटही 101 ची असताना 103 वर जाऊन बसते. असे फोन वारंवार होत असतील तर दोष बहुधा ग्राहकात नसून जुळवणीत असतो.

संगणक आल्यावर खुल्या बिलांची पद्धत परवडू लागली. प्रत्येक बिल फिटेपर्यंत उताऱ्यावर उघडे ठेवायचे, भरणा आणि क्रेडिट नोट त्या-त्या बिलाखाली दाखवायची. तिचे विरोधक म्हणत की शंभर बिले असलेल्या ग्राहकाला एवढी पाने कोण वाचणार. किरकोळ उधारीत हे पटते, कारण तिथे लोक एकूण बाकीच फेडतात. व्यापारी खात्यांत मात्र हा आक्षेप मुख्यतः जुळवणीचे कष्ट टाळण्यासाठी पुढे केला जातो, असे म्हणावे लागते.

खुल्या बिलांच्या उताऱ्यालाही एक मर्यादा आहे. फिटलेली बिले त्यावरून गायब होतात. त्यामुळे ग्राहकाने भरलेली रक्कम आपल्याकडे पोहोचली की नाही, हे त्याला ताडता येत नाही. म्हणून अलीकडे दोन्ही एकत्र देतात: वर महिन्यातल्या सगळ्या नोंदी चालू शिल्लकेसह, खाली उघड्या बिलांची यादी, आणि दोन्हींची शेवटची रक्कम एकच. ती एक येत नसेल तर बहुतेक वेळा कुठल्याच बिलाला न लावलेला भरणा खात्यावर पडून असतो आणि तो खालच्या यादीतून सुटलेला असतो. तो 'बिलाला न लावलेली जमा' म्हणून तिथे वजा करून दाखवला की दोन्ही आकडे जुळतात.