न लागलेले अक्षर आणि न कळलेला शब्द

आजोबांच्या रोजनिशीच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढायचे, त्यांवरून नोंदी टंकित करायच्या आणि सोबत एक पत्र जोडून आत्याला किंवा काकांना पाठवायच्या, ही पद्धत गोव्यातल्या अनेक घरांत आता रुळली आहे. पत्राचा मजकूर सगळ्यांना जमतो, नोंदीही बहुतेक नीट उतरतात. घोटाळा होतो तो शेवटच्या टिपांमध्ये. तिथे 'अस्पष्ट शब्द' असे शीर्षक देऊन दोन अगदी निराळ्या गोष्टी एकाच यादीत घातलेल्या असतात आणि दोन्हींपुढे सारखेच प्रश्नचिन्ह असते. ते प्रश्नचिन्ह पाहिले की मला प्रत्येक वेळी विचारावेसे वाटते: तुला अक्षर लागले नाही, की शब्द कळला नाही?

अक्षर न लागणे म्हणजे शाई पसरल्यामुळे, कागद विटल्यामुळे किंवा हाताच्या वळणामुळे कागदावर नेमके काय लिहिले आहे तेच ठरवता न येणे. शब्द न कळणे म्हणजे अक्षर न् अक्षर स्वच्छ दिसत असूनही तो शब्द आपल्या ऐकण्यातला नसणे. पहिला प्रश्न कागदाचा आहे, दुसरा वाचणाऱ्याचा. पहिल्याचे उत्तर आजोबांचे वळण ओळखणारी किंवा मूळ वही जवळ असलेली व्यक्ती देऊ शकते. दुसऱ्याचे उत्तर त्या कामातला माणूस फोटो न पाहता, नुसता शब्द ऐकून देतो. दोन्ही प्रश्न एकत्र केले की ते चुकीच्या माणसाकडे जातात. त्याहून वाईट म्हणजे पाठवण्याआधीच नातू त्यांची उत्तरे स्वतः देऊन मोकळा होतो.

नमुन्यासाठी जुवारीच्या काठच्या एका गावातली, मुक्तीपूर्वीच्या काळातली नोंद घेऊ. वहीत असे आहे: «मानशीची पावणी झाली. ३४० ला गेली. बांधाचें काम पावसाआधीं करून घ्यावें असें ठरलें.» नातवाने आत्याला पाठवलेल्या प्रतीत ती अशी उतरली: «माणसांची पाहणी झाली. ३४० ला गेली (?). बांधाचे काम पावसाआधी करून घ्यावे असे ठरले.» टिपेत त्याने लिहिले होते, «३४० हा आकडा अस्पष्ट आहे.»

आकडा मुळीच अस्पष्ट नव्हता. अस्पष्ट झाला होता तो अर्थ, कारण आधीच्या वाक्यातले दोन शब्द नातवाने बदलले होते. खाजन शेतीच्या, म्हणजे नदीकाठच्या सखल जमिनीत बांध घालून केलेल्या शेतीच्या, बांधात लाकडी फळ्यांचे जे दार असते, त्याला मानस म्हणतात. भरतीचे पाणी चढले की त्याच्या दाबाने फळ्या मिटतात आणि खारे पाणी शेतात शिरत नाही. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने त्या उघडतात आणि साचलेले पाणी बाहेर जाते. पाणी बाहेर पडताना तिथे जाळे लावून मासे धरण्याचा हक्क लिलावाने दिला जातो, आणि लिलावाला गोव्यात पावणी म्हणतात. म्हणजे त्या दिवशी मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव झाला आणि बोली ३४० रुपयांवर थांबली. पुढच्या वाक्यात बांधाच्या कामाचा विषय निघतो, तोही त्याच ओघात.

नातू पणजीत वाढलेला. मानस त्याने पुलावरून जाताना पाहिली असेल, पण तिचे नाव त्याच्या कानावर आलेले नाही. म्हणून डोळ्याला 'मानशीची' दिसत असताना मनाने 'माणसांची' वाचले, आणि 'पावणी'तल्या स्वच्छ 'व'चा 'ह' झाला, कारण पाहणी हा शब्द ओळखीचा आहे आणि माणसांची पाहणी होऊ शकते. अशी चूक पकडणे फार कठीण असते, कारण तयार झालेले वाक्य व्याकरणाने धड आणि वाचायला गुळगुळीत असते. ती ओळखण्याची एक खूण आहे. दुरुस्त केलेल्या शब्दाच्या आसपास एखादा आकडा, एखादे क्रियापद किंवा लिंग बेवारशी राहते. इथे 'गेली' हे स्त्रीलिंगी क्रियापद आणि ३४० हा आकडा दोन्ही कशाला चिकटत नव्हते. नातवाने प्रश्नचिन्ह दिले ते नेमके तिथे, म्हणजे ज्या ठिकाणी काहीच चुकले नव्हते तिथे.

आता उलट बाजू पाहू. त्याच वहीतली पावसाळ्यातली एक नोंद प्रतीत अशी होती: «रात्रीं भरती मोठी. बांध फुटला. ११ गडी घेऊन गेलों. चिखल व पेंढा घालून पहांटेपर्यंत बुजविला.» इथे एकही टीप नव्हती, कारण सगळे कळत होते. फोटो मोठा करून पाहिला, तर दुसऱ्या आकड्यावर शाई पसरली होती; तो १ असू शकत होता, तसाच ९ असू शकत होता. अक्षर लागले नव्हते, पण अर्थ लागला म्हणून नातू थांबलाच नाही. अकरा गडी गेले काय किंवा एकोणीस गेले काय, वाक्य दोन्हींनी पुरे होते. अर्थाचा आधार तुटतो तो आकडे, नावे आणि गावे यांच्यापाशी, म्हणून तिथे अर्थाच्या भरवशावर काही भरू नये असा माझा पक्का आग्रह आहे.

अशा वेळी करायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. रोजनिशीत पानाच्या माथ्यावर तारखा असतात, आणि तारखांचा क्रम आपल्याला आधीच ठाऊक असतो. १८ आणि २० यांच्या मधली तारीख १९च असणार, म्हणून तिथला ९ हा त्या हाताचा खात्रीचा ९. असे चारपाच नमुने फोटोतून कापून एकाखाली एक ठेवले की वळण लक्षात येते. या वहीत १ ला नुसती गाठ आणि शेपूट होती. ९ ला गाठीच्या डाव्या अंगाला आणखी एक लहान रेघ होती. संशयित आकड्यात नेमकी तीच जागा डागाखाली गेली होती. मग मागच्या पानाचा फोटो आडवा उलटवून, म्हणजे आरशात दिसेल तसा करून, या पानाशेजारी लावावा. पलीकडची शाई झिरपून आली असेल, तर डाग कुठून आला ते कळते. वही हाताशी असेल तर ते पान खिडकीजवळ नेऊन उजेड एका बाजूने तिरपा पडेल असा दुसरा फोटो घ्यावा. टाकाने कागदावर केलेली चीर शाईपेक्षा अधिक टिकाऊ असते.

याच ठिकाणी एक मोह होतो. दोन दिवसांनंतरच्या नोंदीत आहे: «गड्यांस मजुरी रु. २८॥ दिले, दर १॥ प्रमाणें.» आकड्यापुढच्या दोन उभ्या रेघा अर्ध्याच्या आहेत, वाक्य संपल्याच्या नव्हेत, म्हणजे साडेअठ्ठावीस रुपये, दर दीड. एकोणीस दिडे साडेअठ्ठावीस होतात, अकरा दिडे साडेसोळा. तेव्हा गडी एकोणीस होते हे जवळपास ठरले. तरीसुद्धा मजकुरात सरळ १९ लिहू नये. मजकुरात १[९] असे लिहावे आणि हिशेब टिपेत द्यावा. चौकोनी कंस सांगतो की हे डोळ्यांनी वाचलेले नाही, आणि टीप सांगते की ते कशावरून ठरवले. एखाद्या गड्याला अर्धी मजुरी दिली असेल, दोन जण दुसऱ्या दिवशी आले असतील. मूळ वही पाहणाऱ्याला आपला तर्क तपासण्याची वाट मोकळी राहिली पाहिजे.

दोन्हींतला फरक ओळखण्याची कसोटी सोपी आहे. वाक्य झाकावे, फक्त तो शब्द उघडा ठेवावा आणि अर्थाचा विचार न करता तो एकेक अक्षर करून मोठ्याने वाचावा: मा, न, शी, ची. सगळी अक्षरे न अडखळता म्हणता आली, तर शब्द अस्पष्ट नाही. तो आहे तसा टंकित करावा आणि पुढे टिपेचा क्रमांक द्यावा. एखाद्या अक्षराशी थांबावे लागले, तर तेवढेच अक्षर कंसात घालावे, सबंध शब्द नव्हे. घ आणि ध, भ आणि म यांच्यापाशी बहुतेकजण थांबतात. काहीच लागले नाही, तर जितकी अक्षरे असावीत असे वाटते तितके ठिपके द्यावेत. एका अक्षरासाठी सबंध ओळीवर 'अवाचनीय' असा शिक्का मारणे मला मुळीच मान्य नाही. त्यात लागलेली अक्षरेही वाया जातात.

शुद्धलेखनाचे म्हणाल, तर त्यावर फार बोलण्यासारखे काही नाही. १९६२ च्या नियमांनी जे अनुस्वार गेले, ते त्याआधीच्या वहीत असणारच. ते काढू नयेत. 'केले' आणि 'केलें' यांत वचन आणि लिंग बदलते, एवढे कारण पुरे आहे.

पत्रात टिपांच्या दोन याद्या असाव्यात. पहिली न लागलेल्या अक्षरांची: तारीख, ओळ, कंसातला पर्याय, आणि त्या शब्दाचा जवळून काढलेला फोटो. ही आत्याला पाठवावी, कारण तिने वडिलांची पत्रे वर्षानुवर्षे वाचली आहेत. दुसरी न कळलेल्या शब्दांची: शब्द जसा आहे तसा, आणि तो ज्या वाक्यात आला ते पूर्ण वाक्य. हिला फोटोची गरज नाही. मानस, पावणी, पोंय, सरद, वायंगण असे शब्द खाजनात राबलेल्या कोणाही म्हाताऱ्या शेतकऱ्याला किंवा गांवकाराला फोनवर वाचून दाखवले तरी चालतात. आत्या लग्न होऊन मुंबईला गेली असेल, तर हे शब्द तिलाही आठवतीलच असे नाही, आणि तिने प्रेमापोटी केलेला अंदाज मग घरात प्रमाण मानला जातो.

वरच्या पहिल्या नोंदीचे पत्रातले रूप मग असे होईल: «मानशीची(१) पावणी(२) झाली. ३४० ला गेली.» खाली दुसऱ्या यादीत: «(१), (२): अक्षरे स्पष्ट, अर्थ ठाऊक नाही.» पावसाळ्यातल्या नोंदीसाठी पहिल्या यादीत: «१[९] गडी: दुसऱ्या आकड्यावर डाग, १ किंवा ९, दोन दिवसांनंतरच्या मजुरीच्या हिशेबावरून ९.» उत्तर आल्यावर आधीचे वाचन खोडू नये. त्याच टिपेत पुढे उत्तर देणाऱ्याचे नाव आणि तारीख लिहावी, आणि त्या व्यक्तीने फोटो पाहून सांगितले की नुसते ऐकून, तेही नोंदवावे.