तीन पोझिशनिंग, छत्तीस ग्राहक: 'एकाला एक' की 'एकाला तिन्ही'?

कन्सेप्ट टेस्टिंगची, म्हणजे वस्तूची कल्पना आधी ग्राहकांना दाखवून त्यांचा कल जोखण्याची, घडी रोजच्या वापराच्या वस्तू विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी बसवली, आणि 'नक्की घेईन'पासून 'मुळीच घेणार नाही'पर्यंतची पाच पायऱ्यांची मोजपट्टी त्यांच्या चाचण्यांत रुळली. पद्धत 'एकाला एक' अशी होती: एका माणसाला एकच कल्पना दाखवायची, कारण बाजारातही जाहिरात एकटीच समोर येते. प्रत्येक कल्पनेसाठी दीडशे माणसे धरली तरी तिनांना साडेचारशे लागतात. इंटरनेटवरच्या सर्वेक्षणांनी हा खर्च उतरवला, पण तीस-चाळीस ग्राहकच गाठता येणाऱ्यांचा प्रश्न तसाच राहिला.

त्यांनी आधार घेतला तो १९९० च्या दशकातल्या 'पाच वापरकर्ते पुरेत' या नियमाचा. माझ्या मते हा आधार चुकीचा आहे. तो नियम स्क्रीनवरच्या अडचणी शोधण्यासाठी होता. अडचण एकाला आली तरी ती सापडते, पण पसंतीची तुलना पाच जणांत होत नाही.

खरा वाद दुसऱ्या पद्धतीचा आहे: एकाला तिन्ही, पण क्रम बदलून. तीन कल्पनांचे क्रम सहा होतात, म्हणून नमुना सहाच्या पटीत घ्यावा. समजा, हिशेबाच्या एकाच अ‍ॅपच्या पोझिशनिंगच्या, म्हणजे ते ग्राहकापुढे कसे मांडायचे याच्या, तीन कल्पना आहेत: 'वेळ वाचतो', 'चूक होत नाही' आणि 'शिकावे लागत नाही'. छत्तीस ग्राहक, प्रत्येक क्रमाला सहा. तिन्ही मजकूर सारख्याच लांबीचे, किंमतही तीच. नाहीतर कल्पनेऐवजी लेखनाची परीक्षा होते.

मोजपट्टीच्या वरच्या दोन पायऱ्यांवर अनुक्रमे २०, १७ आणि ९ जण आले, तर पहिली जिंकली असे अहवालात लिहायचा मोह होतो. पण इथे उत्तर देणारी माणसे तीच आहेत, तेव्हा ज्यांचे मत दोन कल्पनांत वेगळे पडले तेवढेच मोजायचे. पहिली हवी पण दुसरी नको असे ८, उलट असे ५. एवढा फरक योगायोगानेही सहज पडतो. पहिली हवी पण तिसरी नको असे १४, उलट असे ३. निव्वळ योगायोगाने अशी विभागणी शंभरात एखाद-दुसऱ्या वेळीच होईल. म्हणजे तिसरी गळते आणि पहिल्या दोघींचा निकाल लागत नाही. हेच छत्तीस जण 'एकाला एक' पद्धतीने वाटले असते, तर प्रत्येक कल्पनेच्या वाट्याला बाराच आले असते आणि एवढेही कळले नसते.

जुन्या पद्धतीच्या पाठीराख्यांचा आक्षेप असा, की दुसरी कल्पना वाचताना पहिली मनात असतेच. तो खरा आहे. म्हणून प्रत्येकाने सर्वात आधी पाहिलेल्या कल्पनेचे उत्तर वेगळे काढून ठेवतात. 'वेळ वाचतो' आधी पाहणाऱ्या १२ पैकी ४ जणच घेणार असतील आणि नंतर पाहणाऱ्या २४ पैकी १६, तर ती इतरांशेजारी ठेवल्यावरच उजळते असा संशय घ्यायला जागा आहे. जाहिरातीत ती एकटीच असणार.