वहीतला चौथा मुद्दा तिसरा कसा होतो?

वहीच्या पानाचा फोटो काढून त्याचा मजकूर करायचा, तर अडचण वेड्यावाकड्या अक्षराची, असा समज आहे. अक्षर बऱ्याचदा लागतं. चुकतो तो समास.

पुण्यातल्या एखाद्या कॉलेजातलं भूशास्त्राचं पान घ्या. ‘2. बेसॉल्टचे प्रकार’, त्याखाली साधारण एक सेंटिमीटर आत सरकवून ‘अ) घट्ट’ आणि ‘ब) सच्छिद्र’. कोणता मुद्दा कोणाच्या पोटातला, हे वाचणारा त्या एक सेंटिमीटरवरूनच ओळखतो.

आता फोटो काढताना पान फक्त ३ अंशांनी कललं, वरचा भाग डावीकडे झुकला, असं धरू. ओळींमधलं अंतर ८ मिलिमीटर असेल, तर २५ ओळींत आपण २०० मिलिमीटर खाली येतो. ३ अंशांचा टॅन ०.०५२. म्हणजे शेवटच्या ओळीची सुरुवात सुमारे १० मिलिमीटर उजवीकडे सरकते. नेमकी उपमुद्द्याएवढी! तळाचा मुख्य मुद्दा फोटोच्या कडेपासून मोजला, तर कुणाचा तरी पोटमुद्दा ठरतो. म्हणून अंतर फोटोच्या कडेपासून नाही, वहीच्या लाल समासरेषेपासून मोजायचं. पानाबरोबर तीही तेवढीच कललेली असते. शिवणीजवळ पान फुगलं, तर मात्र रेषाच वाकते. तिथे वही दाबून सपाट करून दुसरा फोटो घ्यावा. ‘एका टिचकीत नोट्स’ म्हणणाऱ्या जाहिरातींत ही शिवण कधी दिसत नाही.

दुसरा घोळ टाइप करताना होतो. तिसरा मुद्दा लिहायचा राहिला, म्हणून वहीत 1, 2, 4 असे आकडे आहेत. मार्कडाउन म्हणजे साध्या खुणांनी मजकूर मांडायची पद्धत; तिच्या प्रचलित नियमांत यादीचा फक्त पहिला आकडा पाहिला जातो, पुढचे ओळीने मोजले जातात. त्यामुळे पडद्यावर 4 चा 3 होतो आणि मागच्या पानावरचं ‘मुद्दा 4 पाहा’ लटकतं. आकड्यानंतर उलटी तिरकी रेघ दिली, की तो साधा मजकूर राहतो:

```
1\. लाव्हाचे थर

2\. बेसॉल्टचे प्रकार

> अ) घट्ट
>
> ब) सच्छिद्र

4\. भूजल
```

उपमुद्दे चार स्पेस देऊन आत ढकलू नका. रिकाम्या ओळीनंतरच्या चार स्पेस म्हणजे कोड, असा नियम आहे. `>` ने ओळ आत सरकते आणि ‘अ)’ला धक्का लागत नाही.

अ, ब, क, ड हा क्रम इंग्रजी अक्षरांच्या चालीवरचा आहे, वर्णमालेचा नाही. तो ‘सुधारून’ अ, आ, इ, ई करण्याचा मोह आवरावा. हाताने लिहिलेला १ आणि इंग्रजी 9 सारखेच दिसतात. शंका आली तर शेजारचा आकडा पाहावा: खाली २ असेल तर तो १, वर 8 असेल तर 9.